शाळेची सर्व्हर रूम ठेवावी की क्लाउडवर जावे : पाच वर्षांच्या खर्चाचा हिशेब

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

आमच्या सांगली जिल्ह्यातील शिक्षण संस्थेची एक विनाअनुदानित शाळा आहे. विद्यार्थी सुमारे १,८०० आहेत आणि मी संस्थेचा खजिनदार आहे. शाळेच्या सर्व्हर रूममध्ये दोन सर्व्हर आहेत. पहिल्यावर फी, हजेरी आणि निकालाचे सॉफ्टवेअर चालते, तर दुसऱ्यावर संगणक प्रयोगशाळेच्या फाइली ठेवलेल्या आहेत. दोन्ही यंत्रे जुनी झाली आहेत आणि त्यांवरील विंडोज सर्व्हर २०१६ला मिळणारी सुरक्षा सुधारणा १२ जानेवारी २०२७ रोजी बंद होणार असल्याने निर्णय फार लांबवता येणार नाही.

नव्या यंत्रांसाठी एकूण १०.५ लाख रुपयांचे दरपत्रक आले आहे. त्यात दोन सर्व्हरचे ७ लाख, बॅकअपच्या स्टोरेज पेटीचे १.२ लाख, बॅटऱ्यांसह यूपीएसचे १ लाख आणि परवान्यांचे १.३ लाख धरले आहेत. दुसरीकडे, एका पुरवठादाराने हेच काम क्लाउडवर महिना २२,००० रुपयांत करून देण्याचा प्रस्ताव दिला आहे. आमचे सचिव म्हणतात, २२,००० गुणिले ६० महिने म्हणजे १३.२ लाख, मग साडेदहा लाखांचा सर्व्हर स्वस्तच झाला. पुरवठादाराचा तक्ता मात्र सांगतो की वीज, मनुष्यबळ, वाढीव वॉरंटी आणि बॅटऱ्या धरल्यास सर्व्हर रूमचा पाच वर्षांचा खर्च २३.६५ लाख होतो आणि क्लाउडमुळे संस्थेचे दहा लाख वाचतात. दोन्ही हिशेब कागदावर बरोबर दिसतात, पण त्यांत तेरा लाखांचे अंतर आहे. विश्वस्त मंडळापुढे कोणता आकडा ठेवावा?

सह्याद्री७२

यात विचार करण्यासारखे फारसे नाही. सर्व्हर घेतला की तो मालमत्तेत जातो आणि त्यावर वर्षाला ४० टक्के घसारा मिळतो, म्हणजे खर्च नफ्यातून पूर्ण वजा व्हायला कित्येक वर्षे लागतात. क्लाउडचे बिल त्याच वर्षी शंभर टक्के खर्ची पडते आणि तेवढा कर लगेच वाचतो. त्यातच भरलेल्या जीएसटीचा परतावाही मिळतो. आमच्या कंपनीने याच कारणाने सगळी यंत्रे काढून टाकली. भांडवली खर्च टाळणे हाच आजचा शहाणपणा आहे.

ताळेबंद

सह्याद्री, तुमचे म्हणणे कंपनीपुरते योग्य आहे, परंतु शाळा चालवणारी नोंदणीकृत धर्मादाय संस्था कंपनीसारखा कर भरत नाही. मी अशा संस्थांची लेखापरीक्षणे करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

अशा संस्थेला आपल्या उत्पन्नाचा किमान ८५ टक्के भाग उद्दिष्टांसाठी खर्च केल्याचे दाखवावे लागते. शाळेसाठी घेतलेला सर्व्हर हा भांडवली खर्च असला तरी ज्या वर्षी पैसे दिले त्याच वर्षी तो पूर्णपणे या विनियोगात धरला जातो. एकदा तो तसा धरला की त्याच यंत्रावर पुन्हा घसाऱ्याची वजावट मागता येत नाही. म्हणजे कंपनीला घसाऱ्यामुळे जी वाट पाहावी लागते, ती संस्थेला पाहावीच लागत नाही, आणि क्लाउडचा तथाकथित करलाभ इथे उरत नाही.

जीएसटीचेही तसेच आहे. शालेय शिक्षणाची सेवा करमुक्त असल्यामुळे शाळेला खरेदीवरील कराची वजावट मिळत नाही. सर्व्हरवर भरलेले १८ टक्के आणि क्लाउडच्या बिलावरचे १८ टक्के, दोन्ही खर्चातच जमा होतात. म्हणून कृष्णाकाठ यांनी पहिली गोष्ट ही तपासावी की १०.५ लाख करासह आहेत का आणि २२,००० करासह आहेत का.

कृष्णाकाठ

आत्ताच दोन्ही कागद पुन्हा पाहिले. सर्व्हरचे दरपत्रक करासह आहे. क्लाउडच्या प्रस्तावात तळाशी बारीक अक्षरांत ‘कर वेगळा’ असे लिहिले आहे.

ताळेबंद

मग महिन्याचे २५,९६० रुपये झाले आणि पाच वर्षांचे १५.६ लाख. पुरवठादाराने १३.२ लाखांची तुलना करासह आकडा असलेल्या बाजूशी केली आहे. हा एकच धागा ओढल्यावर सव्वादोन लाखांहून अधिक रक्कम बाहेर आली.

मुक्ताई

मी स्वतः शिक्षिका आहे, म्हणून विचारते. आमच्या शाळेत गूगल क्लासरूम अगदी विनामूल्य आहे आणि मुलांचे सगळे काम त्यावरच होते. मग क्लाउडसाठी महिना बावीस हजार रुपये कशाला मोजायचे?

रॅकवाला

मुक्ताई, प्रश्न क्लासरूमचा नाही. फीच्या सॉफ्टवेअरला चोवीस तास चालणारे यंत्र आणि डेटाबेस लागतो, तो त्यात मिळत नाही. पण तुमच्या बोलण्यात एक उपयोगाची गोष्ट आहे, तिच्याकडे मी परत येतो.

कृष्णाकाठ, मी शाळा-महाविद्यालयांत नेटवर्क बसवतो आणि क्लाउडही विकतो, त्यामुळे माझा कल कुठेच नाही असे समजा. पुरवठादाराच्या तक्त्यात विजेचा आकडा किती आहे आणि तो कसा काढला आहे, ते सांगाल का?

कृष्णाकाठ

वर्षाला १,४४,५४० रुपये, म्हणजे पाच वर्षांचे ७.२ लाख. प्रत्येक सर्व्हरचा वीजपुरवठा ७५० वॅटचा, दोहोंचे १,५०० वॅट, वर्षाचे ८,७६० तास आणि युनिटला ११ रुपये असा गुणाकार आहे. आमच्या बिलात सर्व आकार धरून युनिट साधारण अकरा रुपयांनाच पडते.

रॅकवाला

दर ठीक आहे, वॅट चुकले आहेत. ७५० वॅट ही त्या वीजपुरवठ्याची कमाल क्षमता आहे. सर्व्हर प्रत्यक्षात किती ओढतो हे त्या आकड्यावरून कळत नाही. फीचे सॉफ्टवेअर चालवणारा सर्व्हर दिवसातला बहुतेक वेळ जवळपास मोकळाच असतो. रविवारी संध्याकाळी, शाळेत कोणी नसताना, यूपीएसच्या पडद्यावरील भाराची टक्केवारी लिहून घ्या. मग दोन्ही सर्व्हर आणि स्टोरेज पेटी रीतसर बंद करून पुन्हा टक्केवारी पाहा. ती पेटी आणि यूपीएस किती वॅटचे आहेत तेही कळवा.

त्याआधी कामाच्या एका दिवशी सर्व्हरवर खालील आज्ञा चालवून ठेवा. ती आठ तास दर मिनिटाला प्रोसेसरचा वापर नोंदवते.

```
Get-Counter '\Processor(_Total)\% Processor Time' -SampleInterval 60 -MaxSamples 480
```

कृष्णाकाठ

मोजले. यूपीएस ३ केव्हीएचा आहे आणि त्यावर २,७०० वॅट असे लिहिले आहे. सगळे चालू असताना भार २८ टक्के होता. सर्व्हर आणि पेटी बंद केल्यावर तो शून्यावर जाईल असे मला वाटले होते, पण ९ टक्क्यांवर थांबला. आमच्या प्रयोगशाळा सहायकाने वाकून पाहिले तर नेटवर्कचा मुख्य स्विच, फायरवॉल आणि सीसीटीव्हीची रेकॉर्डिंग पेटी त्याच यूपीएसवर होती. प्रोसेसरचा वापर फी भरण्याच्या दिवसांतसुद्धा सरासरी ६ टक्केच निघाला. प्रयोगशाळेच्या सर्व्हरवर तर काहीच हालचाल नाही, तो १.४ टीबी फाइली सांभाळत बसला आहे.

रॅकवाला

या मोजणीतून दोन गोष्टी कळतात आणि दुसरी अधिक महत्त्वाची आहे.

पहिली म्हणजे सर्व्हर आणि पेटी मिळून १९ टक्के, अर्थात सुमारे ५०० वॅट ओढतात. वर्षाला ४,३८० युनिटे झाली. ती उष्णता बाहेर काढणारा एसी आणि यूपीएसमधील तूट यांसाठी आणखी निम्मी धरा, म्हणजे ६,५७० युनिटे आणि वर्षाला ७२ हजार रुपये. पुरवठादाराने एसी धरलाच नव्हता, तरीही त्याचा आकडा दुप्पट होता.

दुसरी म्हणजे तो ९ टक्के भार. सर्व्हर क्लाउडवर गेले तरी स्विच, फायरवॉल आणि सीसीटीव्ही शाळेतच राहणार. त्यांना यूपीएस लागणार, बॅटऱ्या तीन-चार वर्षांनी बदलाव्या लागणार आणि खोलीतला एसीही पूर्ण बंद होणार नाही. ‘सर्व्हर रूमचा खर्च वाचेल’ असे म्हणताना लोक ही खोली कुलूप लावून बंद होईल असे गृहीत धरतात. म्हणून जो खर्च दोन्ही पर्यायांत होणारच आहे तो दोन्ही बाजूंतून काढून टाका आणि निर्णयामुळे जो बदलतो तेवढाच मोजा.

त्या पद्धतीने तुमचा हिशेब असा होतो. सर्व्हर रूमच्या बाजूला यूपीएस वगळून खरेदी ९.५ लाख, पाच वर्षांची खरोखर वाचू शकणारी वीज ३ लाख, चौथ्या-पाचव्या वर्षाची वाढीव वॉरंटी १.२ लाख आणि इमारतीबाहेर ठेवायच्या बॅकअपचे ६० हजार. मनुष्यबळासाठी पुरवठादाराने किती धरले आहे?

कृष्णाकाठ

सहायकाच्या २५ हजार पगारातला पाव भाग, म्हणजे पाच वर्षांचे ३.७५ लाख. शिवाय क्लाउडवर गेल्यास हे काम शून्य होईल असे त्यांनी म्हटले आहे.

रॅकवाला

ते शून्य होत नाही. नव्या शिक्षकांची खाती उघडणे, सॉफ्टवेअरच्या सुधारणा चढवणे, बॅकअप खरोखर परत उतरवता येतो का हे तपासणे ही कामे यंत्र कुठेही असले तरी करावी लागतात. डिस्क बदलणे, धूळ काढणे, पुरवठादाराच्या माणसाची वाट पाहणे एवढे वाचते. निम्मे वाचले असे धरा, १.९ लाख. खरे तर सहायकाचा पगार तुम्ही कमी करणारच नाही, त्यामुळे हा पैसा बँकेत दिसणार नाही. तो त्याच्या वेळेच्या रूपाने प्रयोगशाळेला मिळेल.

सर्व्हर रूमची बेरीज १६.२ लाख झाली. क्लाउडच्या बाजूला बिलाचे १५.६ लाख, माहिती हलवण्याचे एकदाच होणारे काम १.५ लाख आणि दुसऱ्या कंपनीची इंटरनेट जोडणी करासह महिना ३,५४० रुपयांनी पाच वर्षांत २.१ लाख. ही बेरीज १९.२ लाख होते. पुरवठादाराच्या तक्त्यात दुसऱ्या जोडणीचा उल्लेखही नसणार.

रत्नांग्री

या दुसऱ्या जोडणीबद्दल आमचा अनुभव सांगतो. आमची शाळा कोकणात आहे आणि दोन वर्षांपूर्वी आम्ही फीचे काम क्लाउडवर नेले. ऐन जूनमध्ये रस्त्याच्या रुंदीकरणात जेसीबीने फायबर तोडली. क्लाउड व्यवस्थित चालू होता, पालक घरून फी भरत होते आणि कार्यालयातला लिपिक मात्र हात बांधून बसला होता. शेवटी मुख्याध्यापकांच्या मोबाइलचा हॉटस्पॉट देऊन काम चालवले. त्यामुळे माझे मत असे की दुसऱ्या जोडणीवर दोन लाख घालवू नयेत, एक डेटा कार्ड पुरते.

रॅकवाला

डेटा कार्ड पुरले, कारण तुमचे सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये उघडते आणि लिपिक एकच होता. कृष्णाकाठ यांच्याकडे तशीच स्थिती असेल तर रत्नांग्री यांचा मार्ग स्वस्त आहे. मात्र दुसरी जोडणी घेतलीच तर तिची तार वेगळ्या वाटेने येते का हे पाहा. दोन्ही तारा एकाच चरातून येत असतील तर एकच जेसीबी दोन्ही तोडतो.

आता मुक्ताईंच्या प्रश्नाकडे येतो. गूगलच्या शाळांसाठीच्या विनामूल्य योजनेत संपूर्ण संस्थेला मिळून १०० टीबी जागा मिळते. प्रयोगशाळेच्या १.४ टीबी फाइली तिथे सहज मावतील. मग दुसऱ्या सर्व्हरची गरज ना खोलीत उरते ना क्लाउडवर. पुरवठादाराने तुमचे आजचे दोन सर्व्हर जसेच्या तसे क्लाउडवर मांडून दाम सांगितले आहेत आणि यंत्रविक्रेत्यानेही तेच केले आहे. प्रोसेसर ६ टक्केच वापरला जात असताना तेवढेच मोठे यंत्र पुन्हा का घ्यायचे, हा प्रश्न दोघांनीही विचारलेला नाही.

कृष्णाकाठ

तुमच्या सूचनेनुसार दोघांकडून एकाच सर्व्हरचे दर मागवले. क्लाउड महिना १२,००० अधिक कर. यंत्राच्या बाजूने साडेतीन लाख कमी होतात आणि वाढीव वॉरंटी निम्मी होते. सर्व्हर रूमचा बदलणारा खर्च मी विजेसह पुन्हा मांडला तर पाच वर्षांत १०.९ लाख येतो आणि क्लाउडचा १२.१ लाख. म्हणजे सचिवांचे म्हणणे शेवटी खरे ठरले का?

ताळेबंद

फरक सव्वा लाखाचा आहे आणि तुमच्या हिशेबात मनुष्यबळाचा निम्मा भाग हा अंदाजच आहे. तो अंदाज थोडा इकडेतिकडे झाला तरी फरक बराचसा पुसला जाईल. त्यापेक्षा एक वेगळी गोष्ट करून पाहा. हिशेब पाचव्या वर्षी न थांबवता तिसऱ्या वर्षी थांबवा.

कृष्णाकाठ

केला. तिसऱ्या वर्षाअखेर सर्व्हर रूम ८.६ लाख आणि क्लाउड ७.९ लाख. निकाल उलटला!

ताळेबंद

असे होणारच, कारण यंत्राचा पैसा पहिल्याच दिवशी जातो आणि क्लाउडचा पैसा दरमहा जात राहतो. चौथ्या वर्षाच्या सुमारास रेषा एकमेकींना छेदतात. क्लाउड विकणारा तुम्हाला तीन वर्षांचा तक्ता दाखवील आणि यंत्र विकणारा सात वर्षांचा. कंपनी कायद्याच्या परिशिष्टात सर्व्हरचे उपयुक्त आयुष्य ६ वर्षे धरले आहे. ते तुमच्या संस्थेला लागू नसले तरी आधार म्हणून वाईट नाही. तुमचे स्वतःचे सर्व्हर किती वर्षे चालले, हा त्याहून चांगला पुरावा आहे. ते सहा वर्षांच्या पुढे गेले असतील आणि पुढचेही तसेच वापरण्याचा बेत असेल, तर खोलीचे पारडे जड होते.

पण खजिनदार म्हणून मला यापेक्षा मोठा वाटणारा प्रश्न असा की पैसा कोणत्या खिशातून येणार आहे. सर्व्हरसाठी एखादा माजी विद्यार्थी देणगी देतो आणि प्रयोगशाळेच्या दारावर त्याच्या वडिलांच्या नावाची पाटी लागते. मासिक भाड्याच्या बिलावर पाटी लागत नाही, म्हणून ते बिल फीमधूनच जाते. महाराष्ट्राच्या २०११च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीने मान्य केलेले शुल्क दोन शैक्षणिक वर्षे बांधून राहते. मधल्या काळात क्लाउडचा दर वाढला तर ती वाढ तुम्हाला दुसरीकडून भागवावी लागेल. प्रस्तावात दर किती काळ स्थिर राहील ते लिहिले आहे का?

आणखी एक सूचना. सर्व्हरचा पैसा कॉर्पस निधीतून काढण्याचा विचार असेल तर त्याआधी तुमच्या लेखापरीक्षकांना विचारा. कॉर्पसमधून केलेला खर्च त्या वर्षीच्या विनियोगात धरला जात नाही. तो पैसा चालू उत्पन्नातून पाच वर्षांच्या आत निधीत परत भरला की त्या वर्षी धरला जातो.

कृष्णाकाठ

दर फक्त पहिल्या वर्षासाठी स्थिर आहे. त्यानंतर ‘प्रचलित दराने’ असे शब्द आहेत.

सह्याद्री७२

कराबाबत ताळेबंद यांचे म्हणणे पटले. तरीही एक विचारतो. शाळा दिवसातले आठ-दहा तास आणि वर्षातले साधारण २४० दिवसच चालते. क्लाउडवरचे यंत्र उरलेल्या वेळी बंद ठेवले तर बिल पाव होणार नाही का? खोलीतल्या सर्व्हरला ही सोय नाही.

रॅकवाला

कल्पना चांगली आहे, परंतु पालक रात्री नऊ वाजता फी भरतात आणि मे महिन्यातही भरतात, त्यामुळे फीच्या यंत्राला ती लावता येत नाही. शिवाय यंत्र बंद केले तरी डिस्कचे भाडे चालूच राहते. वर्षभराची हमी देऊन सवलतीचा दर घेतला असेल, तर यंत्र बंद असतानाचे पैसेही द्यावेच लागतात. परीक्षांच्या आठवड्यापुरते जादा यंत्र लागत असेल तर तिथे तुमचा मुद्दा पूर्णपणे लागू होतो.

सचिवांच्या बाजूने हिशेब बंद करण्यापूर्वी एक तांत्रिक गोष्ट तपासायला हवी. कृष्णाकाठ, तुमचे फी, हजेरी आणि निकाल हे तिन्ही भाग ब्राउझरमध्येच चालतात का?

कृष्णाकाठ

फी आणि हजेरी ब्राउझरमध्ये चालतात. निकालाचा भाग जुना आहे. तो सहा संगणकांवर स्वतंत्रपणे बसवलेला आहे आणि थेट सर्व्हरच्या डेटाबेसशी बोलतो.

रॅकवाला

तोच धोका आहे. असे जुने कार्यक्रम एक गुणपत्रक उघडण्यासाठी डेटाबेसला एकामागून एक शेकडो प्रश्न विचारतात. शाळेच्या आतल्या नेटवर्कवर प्रत्येक प्रश्नाच्या फेरीला एक मिलिसेकंदही लागत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. डेटाबेस मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये गेला आणि एक फेरी २० मिलिसेकंदांची झाली, तर ४०० प्रश्नांना ८ सेकंद लागतात. एका वर्गाची ६० गुणपत्रके म्हणजे आठ मिनिटे नुसती वाट पाहणे. इंटरनेटचा वेग वाढवून हे सुधारत नाही, कारण अडचण अंतराची आणि फेऱ्यांच्या संख्येची आहे.

यावर उपाय म्हणजे निकालाचा कार्यक्रमही क्लाउडवरच ठेवून शिक्षकांनी दूरस्थ पडद्यावरून तो वापरावा. मात्र त्यासाठी प्रत्येक वापरकर्त्यामागे वेगळा परवाना लागतो आणि थोडे मोठे यंत्र लागते. हा खर्च १२,०००च्या दरात आहे का, ते लेखी विचारा. नसेल तर १२.१ लाखांचा आकडा वर जाईल. सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी निकालाचा भाग वर्षभरात ब्राउझरवर आणणार असेल, तर ही अडचण आपोआप सुटेल आणि रत्नांग्री यांच्यासारखे डेटा कार्डही पुरेल, म्हणजे क्लाउडचे दोन लाखही बहुतांशी वाचतील.

रत्नांग्री

आम्ही निकाल अजून शाळेतल्याच एका साध्या संगणकावर काढतो आणि फक्त फी क्लाउडवर आहे. अर्धेअर्धे ठेवायला कोणाची हरकत नसते.

ताळेबंद

हरकत नाही, पण मग त्या साध्या संगणकाचा बॅकअप आणि त्याची देखभाल दोन्ही तुमच्या खर्चात आहेत, हे लिहून ठेवा. अर्धेअर्धे ठेवणाऱ्या बहुतेक संस्थांच्या तक्त्यात उरलेल्या अर्ध्याचा रकाना रिकामा असतो.

कृष्णाकाठ

सॉफ्टवेअर कंपनीला निकालाच्या भागाबद्दल आणि क्लाउड पुरवठादाराला परवान्यांबद्दल व दुसऱ्या वर्षाच्या दराबद्दल आज पत्र पाठवले आहे. विश्वस्त मंडळापुढे तीन, पाच आणि सात वर्षांचे आकडे शेजारी शेजारी ठेवीन. सचिवांचा आग्रह पाचव्याच वर्षाचा आहे. उत्तरे आली की इथे कळवतो.